हजारो गोळ्या, शेकडो शत्रू आणि स्पेशिअल हॅश ग्रिड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे. वरून दिसणारा, गोळीबाराचा २डी गेम. मैदान १९२० × १०८० पिक्सेल. एका वेळी ३००० गोळ्या आणि ८०० शत्रू. गोळी म्हणजे ४ पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ. सगळ्यात लहान शत्रूची त्रिज्या १२, नेहमीच्या शत्रूंपैकी सगळ्यात मोठ्याची २८. कोड जावास्क्रिप्टमध्ये आहे, पण कल्पना कुठल्याही भाषेत तीच राहते.

गोळ्या थोड्या असताना गेम लोण्यासारखा चालतो आणि वाढल्या की एकदम रखडतो. असं का?

कारण काम गोळ्यांच्या संख्येनुसार वाढत नाही, जोड्यांच्या संख्येनुसार वाढतं. प्रत्येक गोळी प्रत्येक शत्रूला लागली का हे तपासलं तर ३००० × ८०० म्हणजे एका फ्रेमला २४ लाख तपासण्या होतात. एका तपासणीला ५ नॅनोसेकंद धरले तरी १२ मिलिसेकंद गेले. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद येतात, आणि त्यात चित्र काढणं, हालचाल, आवाज सगळं बसवायचं असतं. आता पुढच्या लेव्हलला गोळ्याही दुप्पट आणि शत्रूही दुप्पट करा. काम चौपट होतं, ४८ मिलिसेकंद. म्हणून गेम हळूहळू मंदावत नाही, कोसळतो.

बऱ्याच जणांच्या कोडमध्ये याहूनही वाईट अवस्था असते. गोळ्या आणि शत्रू एकाच यादीत असतात आणि त्या यादीतल्या सगळ्या जोड्या तपासल्या जातात. ३८०० वस्तूंच्या जोड्या ७२ लाखांवर जातात, त्यातल्या बहुतेक गोळी-गोळी अशा, ज्यांच्याशी गेमला काही देणंघेणंच नाही. ग्रिडच्या मागे लागण्याआधी दोन याद्या वेगळ्या करा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग ग्रिड नेमकं काय करते?

मैदानावर सारख्या मापाच्या चौकोनी सेलची जाळी टाकायची. प्रत्येक शत्रूचा केंद्रबिंदू ज्या सेलमध्ये पडतो, त्या सेलच्या यादीत त्याची नोंद करायची. गोळीची वेळ आली की तिचा सेल काढायचा आणि फक्त तो सेल व त्याला चिकटलेले आठ, अशा नऊ सेलमधले शत्रू तपासायचे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शत्रूचा विचारच होत नाही.

ग्रिड टक्कर ठरवत नाही, हे लक्षात असू द्या. ती फक्त उमेदवार निवडून देते. दोन वर्तुळं खरंच भिडली का, हे अंतर मोजूनच ठरतं.

ग्रिडमध्ये शत्रू का भरायचे? गोळ्या भरून शत्रूंनी शोध घेतला तर?

चालेल. अंतराच्या तपासण्या तेवढ्याच होतात. मला शत्रू भरणं सोयीचं वाटतं, कारण बहुतेक गोळ्या पहिल्या धडकेला संपतात आणि गोळीच्या बाजूने शोध घेतला की तिथल्या तिथे थांबता येतं.

सेलचं माप किती ठेवायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक ६४ किंवा १०० असा गोल आकडा डोळे झाकून टाकतात. माप मनावर नाही, त्याला एक अट आहे. वर्तुळं भिडतात तेव्हा दोन केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी असतं. आपल्याकडे ही बेरीज जास्तीत जास्त ४ + २८ = ३२. सेलची बाजू ३२ किंवा त्याहून मोठी असेल, तर भिडणाऱ्या दोघांची केंद्रं एकाच सेलमध्ये किंवा शेजारच्याच सेलमध्ये असणार, त्यापलीकडे जाऊच शकत नाहीत. नऊ सेल पुरतात ते याच जोरावर.

बाजू १६ केली तर ही हमी जाते. मोठ्या शत्रूचं केंद्र दोन सेल दूर असूनही गोळी त्याला लागलेली असू शकते. मग ५ × ५ म्हणजे २५ सेल बघावे लागतात. हे न करता १६ ठेवलं, की लहान शत्रू नीट मरतात आणि मोठ्यांच्या कडेवरून गोळ्या बिनबोभाट निघून जातात. मोठ्या शत्रूंचाच हिटबॉक्स आकसल्यासारखा वाटत असेल, तर आधी हे माप बघा.

उलट दिशेचा हिशेबही करून बघू. बाजू ३२ असेल तर ६० × ३४ = २०४० सेल होतात. शत्रू सारखे पसरलेले धरले, तर एका सेलमध्ये सरासरी ०.३९ शत्रू आणि नऊ सेलमध्ये साडेतीन. ३००० गोळ्यांच्या मिळून साधारण १०,६०० तपासण्या. बाजू ६४ केली तर सेल ५१० उरतात आणि तपासण्या ४२,४०० च्या घरात जातात. १२८ केली तर १३५ सेल आणि १ लाख ६० हजार तपासण्या. २४ लाखांपुढे तिन्ही आकडे किरकोळ आहेत, तेव्हा ३२ की ४० यावर संध्याकाळ घालवू नका. अट पाळणारं सगळ्यात लहान माप घ्या, मोजा, हवं तर थोडं वर सरका.

यात हॅश कुठे आला? साधा ॲरे का नको?

मैदान मर्यादित असेल तर साधा ॲरेच घ्या. २०४० सेल म्हणजे काहीच नाही. हॅश लागतो तो मैदानाला सीमा नसते तेव्हा: खेळाडू कुठल्याही दिशेला कितीही चालू शकतो आणि सेलचे क्रमांक उणे चार हजारांपासून अधिक नऊ हजारांपर्यंत कुठेही जातात. तेव्हा सेलच्या दोन आकड्यांचा हॅश करून ठरावीक संख्येच्या कप्प्यांपैकी एक निवडतात. इथे `S` म्हणजे सेलची बाजू आणि `T` म्हणजे कप्प्यांची संख्या:

```js
const cx = Math.floor(x / S), cy = Math.floor(y / S);
const h = ((Math.imul(cx, 73856093) ^ Math.imul(cy, 19349663)) >>> 0) % T;
```

हे दोन अवाढव्य आकडे टेश्नर आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधल्या शोधनिबंधातून आले आणि तेव्हापासून जिथे तिथे दिसतात. `Math.imul` गाळू नका. साध्या गुणाकारात आकडा मोठा झाला की खालचे बिट हरवतात आणि हॅश बिघडतो.

`Math.floor` च्या जागी `| 0` वापरून अपूर्णांक उडवण्याची सवय अनेकांना असते. ते शून्याच्या दिशेने कापतं, त्यामुळे -०.५ आणि ०.५ दोन्ही सेल ० मध्ये जातात. शून्याजवळचा सेल दुप्पट रुंद होतो. टकरी चुकत नाहीत, पण अक्षांलगत उगाच जास्त तपासण्या होतात आणि प्रोफायलरमध्ये कारण सापडत नाही.

दर फ्रेमला ग्रिड नव्याने बांधायची? महाग पडत नाही का?

नाही. जवळजवळ सगळेच शत्रू हलत असतील, तर कोण कुठल्या सेलमधून कुठे गेला याचा माग ठेवण्यापेक्षा पुसून पुन्हा भरणं सोपं आणि बहुतेक वेळा जलदही असतं. फक्त भरायची पद्धत नीट हवी. प्रत्येक सेलला स्वतंत्र ॲरे देऊन त्यात `push` करत बसू नका. सगळ्या नोंदी एकाच सलग ॲरेमध्ये ठेवा आणि कुठल्या सेलच्या नोंदी कुठून सुरू होतात हे दुसऱ्या ॲरेमध्ये लिहा:

```js
start.fill(0);                       // लांबी W*H + 1
for (let i = 0; i < n; i++) {
  const cx = clamp(Math.floor(ex[i] / S), 0, W - 1);
  const cy = clamp(Math.floor(ey[i] / S), 0, H - 1);
  cellOf[i] = cy * W + cx;
  start[cellOf[i]]++;
}
let sum = 0;
for (let c = 0; c <= W * H; c++) {
  sum += start[c];
  start[c] = sum;
}
for (let i = n - 1; i >= 0; i--) items[--start[cellOf[i]]] = i;
```

पहिल्या फेरीत कुठल्या सेलमध्ये किती शत्रू आहेत ते मोजलं. दुसऱ्या फेरीत त्यांची चालती बेरीज केली, म्हणजे प्रत्येक सेलचा शेवट कुठे होतो ते कळलं. तिसऱ्या फेरीत शेवटाकडून मागे सरकत नोंदी भरल्या. काम झालं की `start[c]` हा सेलचा आरंभ असतो आणि `start[c + 1]` हा शेवट. ८०० शत्रू आणि २०४० सेल, तीन सरळ लूप, नवीन मेमरी शून्य.

`clamp` मुळे मैदानाबाहेरून आत येणारे शत्रू कडेच्या सेलमध्ये जमा होतात. गोळ्यांनाही तोच `clamp` लावला, तर शेजारचं नातं तुटत नाही आणि एकही टक्कर निसटत नाही.

मी `Map` मध्ये `"3,5"` अशा की ठेवल्या आहेत. चालतं, पण मधूनच झटका बसतो.

झटका गार्बेज कलेक्टरचा आहे. ३००० गोळ्या, प्रत्येकी नऊ सेल, म्हणजे दर फ्रेमला २७,००० स्ट्रिंग तयार होतात आणि लगेच टाकून दिल्या जातात. सरासरी फ्रेम ठीक दिसते, पण काही सेकंदांनी एखादी फ्रेम लांबते. वरची पद्धत आणि `Int32Array` वापरा, झटका जाईल.

शोध कसा लिहायचा?

नऊ सेलसाठी नऊ वेळा शोध घ्यायची गरज नाही. सेलचे क्रमांक ओळीने दिलेले आहेत, त्यामुळे एका ओळीतल्या लगतच्या तीन सेलच्या नोंदी `items` मध्ये सलगच पडतात. नऊ सेलचे तीन पट्टे होतात. इथे `bx`, `by` हा गोळीचा सेल, `px`, `py` तिची जागा आणि `pr` तिची त्रिज्या:

```js
for (let cy = Math.max(by - 1, 0); cy <= Math.min(by + 1, H - 1); cy++) {
  const from = start[cy * W + Math.max(bx - 1, 0)];
  const to = start[cy * W + Math.min(bx + 1, W - 1) + 1];
  for (let k = from; k < to; k++) {
    const e = items[k];
    const dx = ex[e] - px, dy = ey[e] - py, r = er[e] + pr;
    if (dx * dx + dy * dy < r * r) hit(e);
  }
}
```

हे फक्त साध्या ॲरेच्या ग्रिडला जमतं. हॅश केला की शेजारचे सेल विखुरतात. मैदानाला सीमा असेल तर हॅश टाळा असं मी म्हणतो, त्याचं मुख्य कारण हेच.

एखादी गोळी मधूनच दुप्पट डॅमेज देते. पुन्हा तसं करून दाखवता येत नाही.

हॅश वापरत असाल तर कारण बहुधा हे आहे. दोन वेगळ्या सेलना एकच कप्पा मिळू शकतो. ते सेल एकमेकांपासून लांब असतील तर नुकसान नाही, दोन-चार तपासण्या वाया जातात. पण गोळीच्या नऊ सेलपैकीच दोन जणांना एक कप्पा मिळाला, तर तो कप्पा दोनदा वाचला जातो आणि त्यातला शत्रू दोनदा मार खातो. १०२४ कप्पे असतील आणि हॅश चांगला विखुरलेला असेल, तर नऊमधल्या कुठल्यातरी दोघांची अशी गाठ पडण्याची शक्यता साधारण साडेतीन टक्के. म्हणजे रोज दिसणार, पण हवं तेव्हा दाखवता येणार नाही.

पहिल्या धडकेला संपणाऱ्या गोळीत हा बग लपून राहतो. आरपार जाणारी गोळी गेममध्ये आली की वर येतो. उपाय सोपा: शत्रूचे `cx`, `cy` जपून ठेवा आणि कप्पा वाचताना आपण ज्या सेलसाठी आलो आहोत तोच त्याचा सेल आहे का ते बघा. नसेल तर सोडून द्या.

आरपार जाणाऱ्या गोळीची दुसरी भानगड ग्रिडशी संबंधित नाही, पण दोन्हींची गल्लत होते. ती गोळी शत्रूच्या अंगातून चार-पाच फ्रेम जात असते आणि प्रत्येक फ्रेमला डॅमेज देते. त्यासाठी गोळीने आधी कुणाला मारलं त्याची छोटी यादी गोळीजवळच ठेवावी लागते.

एकाला गोळी लागते आणि भलताच शत्रू मरतो!

शत्रू काढताना तुम्ही शेवटचा शत्रू उचलून मेलेल्याच्या जागी ठेवत असणार. युक्ती चांगली आहे, वेळ चुकली आहे. ग्रिडमध्ये इंडेक्स आहेत. फ्रेमच्या मध्येच ७९९ क्रमांकाचा शत्रू ४१२ वर आणला, तर ग्रिडमधला ४१२ आता दुसऱ्याच शत्रूकडे बोट दाखवतो. टकरी चालू असताना फक्त `dead[e] = 1` अशी खूण करा, खूण असलेल्यांना तपासणीत वगळा, आणि सगळ्या गोळ्या झाल्यावर एकदाच साफसफाई करा.

वेगवान गोळ्या शत्रूच्या आरपार जातात. ग्रिड चुकतेय का?

ग्रिडचा दोष नाही. सेकंदाला २४०० पिक्सेल वेगाची गोळी एका फ्रेमला ४० पिक्सेल उडी मारते. लहान शत्रू आणि गोळीच्या त्रिज्यांची बेरीज १६, म्हणजे धडकेचा पट्टा जास्तीत जास्त ३२ पिक्सेल रुंद. गोळी या फ्रेमला अलीकडे असते, पुढच्या फ्रेमला पलीकडे. सगळ्या जोड्या तपासल्या असत्या तरी ती निसटलीच असती. याहून कमी वेगालाही कडेला घासून जाणाऱ्या धडका सुटतात.

अशा गोळीला बिंदू न मानता मागच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंतचा रेषाखंड माना. रेषाखंडावरचा शत्रूच्या केंद्राला सगळ्यात जवळचा बिंदू काढा आणि तिथपासूनचं अंतर तपासा:

```js
let t = ((ex[e] - x0) * vx + (ey[e] - y0) * vy) / (vx * vx + vy * vy);
t = clamp(t, 0, 1);
const dx = ex[e] - (x0 + t * vx), dy = ey[e] - (y0 + t * vy);
```

इथे `vx`, `vy` म्हणजे त्या फ्रेममधलं विस्थापन. शोधही रुंदावावा लागतो: रेषाखंडाला वेढणारा आयत घ्यायचा आणि चारही बाजूंनी एक सेल वाढवायचा. अनेक शत्रू सापडले तर ज्याचा `t` सगळ्यात कमी तो आधी. नाहीतर पुढच्याला वगळून मागचा मरतो. मैदानभर जाणाऱ्या लेझरला मात्र हा आयत परवडत नाही, कारण तिरक्या रेषेचा आयत जवळजवळ सगळं मैदान गिळतो. तिथे रेषेवरचे सेल एकेक करून ओलांडत जा आणि त्यांना चिकटलेले सेलही बघा. अमॅनॅटिड्स आणि वू यांनी १९८७ मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी अजूनही वापरात आहे.

बॉसची त्रिज्या १५० आहे. त्याच्यासाठी सगळे सेल मोठे करू?

अजिबात नको. अट पाळायला बाजू १५४ करावी लागेल आणि एका बॉसपायी बाकीच्या ८०० शत्रूंच्या तपासण्या वाढतील. बॉसला ग्रिडबाहेर वेगळ्या यादीत ठेवा आणि प्रत्येक गोळी त्याच्याशी थेट तपासा. दोन बॉस असले तरी ६००० तपासण्या, बस.

सगळे शत्रू खेळाडूभोवती गोळा झाले तर ग्रिडचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. ८०० शत्रू एकाच सेलमध्ये आले, तर तिथली प्रत्येक गोळी पुन्हा ८०० तपासण्या करते. ग्रिड गर्दी कमी करत नाही. गर्दी गेमनेच रोखायला हवी, आणि ते एरवीही करावंच लागतं, कारण एकमेकांत घुसलेले शत्रू दिसायलाही वाईट दिसतात. १२ त्रिज्येचे शत्रू एकमेकांना ढकलत असतील, तर नऊ सेलच्या ९६ × ९६ चौकोनात विशीच्या आसपासच मावतात. तेवढ्या तपासण्या चालून जातात.

हे ढकलणं त्याच ग्रिडवर करा, मात्र शत्रू-शत्रू शोधात बेरीज २८ + २८ = ५६ होते, तेव्हा बाजू ३२ ला नऊ सेल पुरत नाहीत. ५ × ५ बघा किंवा बाजू ५६ च्या वर न्या. प्रत्येक जोडी एकदाच यावी म्हणून `j > i` असेल तरच पुढे जा.

दोन शत्रू तंतोतंत एकाच जागी जन्मले तर अंतर शून्य येतं, दिशा काढताना शून्याने भागलं जातं आणि जागा `NaN` होते. `Int32Array` मध्ये `NaN` चा ० होतो, म्हणून तो शत्रू मुकाट सेल ० मध्ये बसतो. `NaN` शी केलेली लहान-मोठेपणाची कुठलीही तुलना खोटी ठरते, म्हणून त्याला गोळी लागत नाही. तो पडद्यावर दिसत नाही आणि मरतही नाही. लेव्हल संपता संपत नसेल आणि शत्रूंची मोजणी १ किंवा २ वर अडकली असेल, तर हेच तपासा. अंतर शून्य असेल तेव्हा कुठलीतरी ठरावीक दिशा देऊन टाका.

क्वाडट्री जास्त चांगली नाही का?

वस्तूंची मापं फार वेगवेगळी असतील किंवा बहुतेक वस्तू स्थिर असतील तर क्वाडट्रीसारखी, मैदानाचे चार-चार तुकडे करत जाणारी झाडाची रचना शोभते. बॉक्स२डी हे भौतिकी इंजिनही झाडच वापरतं, कारण त्याला काय मापाच्या वस्तू मिळतील हे आधी माहीत नसतं. आपल्याकडे मापं ठाऊक आहेत आणि सगळं सतत हलतंय. ग्रिड घ्या. आणि ५० गोळ्या, २० शत्रू असा गेम असेल तर काहीच घेऊ नका. हजार तपासण्यांना दुहेरी लूप पुरतो.

ग्रिड एकही टक्कर चुकवत नाही, याची खात्री कशी करायची?

जुना दुहेरी लूप पुसू नका. डीबग बिल्डमध्ये तो ठेवा आणि दर फ्रेमला दोन्ही पद्धतींनी मिळालेल्या (गोळी, शत्रू) जोड्यांचे संच ताडून बघा. अशा वेळी गोळ्या २०० वर आणा, म्हणजे गेम चालत राहील. रँडम आकड्यांचं बीज पक्कं ठेवा, म्हणजे तीच फ्रेम पुन्हा गाठता येईल. शत्रू मुद्दाम सेलच्या सीमारेषांवर, मैदानाच्या कोपऱ्यांत आणि उणे बाजूला जन्माला घाला.

फरक सापडला की त्या जोडीचे सेल छापा. ग्रिडला जोडी सापडली नाही आणि सेलमध्ये दोनचं अंतर आहे, तर माप लहान आहे. सेल शेजारी असूनही सापडली नाही, तर ग्रिड भरल्यानंतर कुणीतरी शत्रूला हलवलं आहे. हालचाल, मग ग्रिड, मग टकरी, हा क्रम कुठेतरी मोडला आहे. आणि ग्रिडने तीच जोडी दोनदा दिली, तर वर सांगितलेला कप्प्यांचा घोळ.